अठ्ठावन्न गुणांचा हिशेब

गेल्या वर्षी नोव्हेंबरमधील एका रविवारी सायंकाळी माझी पुतणी पुण्याहून सांगलीस आली. ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षेपूर्वीची सुट्टी लागली होती आणि पुढच्या सोमवारी गणिताचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, शंभर गुणांचा अंतिम पेपर होता. भोजन आटोपल्यावर अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, दुकानाची वही घेऊन बसले आणि ती हळूच माझ्या खोलीत आली. सत्राच्या मधल्या चाचणीत तिला तीसपैकी नऊ गुण पडले होते आणि ही गोष्ट तिने घरी कोणालाही सांगितली नव्हती. "काका, अण्णांना आत्ताच सांगू नका," एवढे म्हणून तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला.

तो सात दिवसांचा तक्ता होता. तीन रंगांच्या शाईने, अतिशय नीटस काढलेला. पहिला दिवस पहिल्या प्रकरणाचा, दुसरा दुसऱ्याचा, अशी पाच प्रकरणे पाच दिवसांत. शेवटचे दोन दिवस 'संपूर्ण उजळणी'. तक्ता पाहून मला ओशाळल्यासारखे झाले. कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे गणित शिकवले आणि दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर असाच तक्ता फळ्यावर लिहून दिला. त्यात अभ्यासक्रम होता, विद्यार्थी नव्हता. ज्याला पहिले प्रकरण तोंडपाठ आहे तोही त्यावर एक दिवस घालवणार, आणि ज्याला चौथे मुळीच येत नाही त्यालाही एकच दिवस मिळणार. त्यातून पहिली प्रकरणे सोपी असतात, म्हणून मूल तिथे अधिक रेंगाळते. शेवटची प्रकरणे थकलेल्या डोक्याच्या वाट्याला येतात, आणि बहुतेक वेळा गुण तिथेच अधिक असतात.

मी तिला विचारले, "कोणत्या भागाला किती गुण, हे सरांनी सांगितले आहे का?" सांगितले होते. सीमा व सातत्य १५, विकलन २०, विकलनाचे उपयोग २५, संकलन २५ आणि संकलनाचे उपयोग, म्हणजे क्षेत्रफळ व घनफळ, १५. ज्यांचा या विषयाशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की विकलन म्हणजे एखादी राशी कोणत्या वेगाने बदलते ते काढणे, आणि संकलन म्हणजे सूक्ष्म तुकड्यांची बेरीज करून एकूण काढणे. उरलेले बहुतेक या दोहोंचा उपयोग असतो.

"मग वेळ या गुणांच्या प्रमाणात वाटू?" तिने विचारले. हा विचार तिच्या तक्त्यापेक्षा बरा होता, पण पुरेसा नव्हता. व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला हे समजावणे अवघड गेले नाही. दिवाळीपूर्वी माल भरताना अण्णा कोणता माल अधिक खपतो एवढेच पाहत नाहीत, तो गोदामात किती शिल्लक आहे हेही पाहतात. मागणी मोठी आणि शिल्लक कमी, तिथे आधी पैसा घालायचा. पेपरातील गुण ही मागणी झाली. गोदामाची मोजदाद अजून व्हायची होती.

म्हणून सोमवारी सकाळी तिने पुस्तक उघडले नाही. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ लावून, तीन तास एकटीने सोडवली. हे तिला फार जड गेले. "अभ्यास न करता पेपर सोडवून काय उपयोग?" हा तिचा प्रश्न रास्त वाटतो, पण तसे न केल्यास विद्यार्थी आपल्या भीतीलाच आपले दुबळे स्थान समजतो. ती मला सांगत होती की आपल्याला संकलन अजिबात येत नाही. दुपारी मी कठोरपणे उत्तरे तपासली. सीमांमध्ये १५ पैकी ९, विकलनात २० पैकी १५, विकलनाच्या उपयोगांत २५ पैकी केवळ ६, संकलनात ९ आणि क्षेत्रफळ-घनफळात १५ पैकी ३. एकूण बेचाळीस. उत्तीर्ण होण्यास चाळीस लागतात. म्हणजे एखादा प्रश्न हुकला की विषय राहिला, आणि पुढच्या सत्राचे गणित याच्याच पायावर उभे असल्याने तोही कच्चा राहणार.

गमावलेले गुण अठ्ठावन्न. त्यांतले सर्वांत अधिक, एकोणीस, विकलनाच्या उपयोगांत गेले होते. जिची भीती होती त्या संकलनात सोळा, क्षेत्रफळात बारा, सीमांत सहा, विकलनात पाच. टक्केवारीने पाहिले तर क्षेत्रफळाचे प्रकरण सर्वांत दुबळे, कारण तिथे पाचांतले चार गुण गेले होते. पण ते प्रकरणच पंधरा गुणांचे. म्हणून मी तिला टक्केवारी सोडून गेलेल्या गुणांचा आकडाच धरायला सांगितला. त्या एका आकड्यात प्रकरणाचे वजनही येते आणि तिचे दुबळेपणही येते.

मग वेळ मोजला. सोमवार मोजदादीत गेला. शनिवारी पुन्हा पूर्ण पेपर, आणि रविवारी तिला पुण्याला परतायचे. खरा अभ्यास मंगळवार ते शुक्रवार, रोज पाच तास; एकूण वीस. (दिवसाला बारा तास लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत, ते दुसऱ्या दिवशीच मोडतात.) हे वीस तास अठ्ठावन्न गुणांवर वाटले तेव्हा विकलनाच्या उपयोगांस साडेसहा, संकलनास साडेपाच, क्षेत्रफळ-घनफळास चार आणि सीमा व विकलन यांना प्रत्येकी दोन तास आले. केवळ पेपरातील गुण पाहिले असते तर विकलनाला चार तास आणि क्षेत्रफळाला तीनच मिळाले असते.

हिशेब इथे संपत नाही. गुण कोणत्या प्रकरणात गेले हे कळले, पण ते का गेले हे कळल्यावाचून त्या तासांत नेमके काय करायचे ते ठरत नाही. सोमवारी सायंकाळी आम्ही प्रत्येक चुकीपुढे कारण लिहिले. विषयच माहीत नव्हता असे सतरा गुण निघाले. केवळ हातचूक, म्हणजे चिन्ह विसरणे, कंस सोडणे, असे चौदा. राहिलेले सत्तावीस गुण असे होते की तिला सूत्र येत होते, पण गणिताची मांडणीच चुकली किंवा रीत चुकीची निवडली. हा ढीग सर्वांत मोठा निघाला याचे तिला नवल वाटले. मला वाटले नाही. प्रकरणाखालचे स्वाध्याय सोडवताना रीत कोणती ते मथळाच सांगत असतो. पेपरात मथळा नसतो.

मंगळवारी सुरुवात विकलनाच्या उपयोगांतील एका प्रकाराने झाली, ज्यात दोन राशी परस्परांशी बांधलेल्या असतात आणि एकीच्या वेगावरून दुसरीचा वेग काढायचा असतो. सोमवारच्या पेपरात यात ती पूर्ण चुकली होती. मी तिला दुकानाचाच प्रश्न घातला. पोत्यांतून सोयाबीन जमिनीवर ओतले जात आहे, मिनिटाला ९ घनफूट. रास शंकूच्या आकाराची होते आणि तिच्या तळाची त्रिज्या नेहमी उंचीच्या दुप्पट असते. रास ३ फूट उंच झाली त्या क्षणी उंची कोणत्या वेगाने वाढत आहे?

शंकूच्या घनफळाचे सूत्र तिने बिनचूक लिहिले: V = (1/3)πr²h. मग उंची ३ तर त्रिज्या ६, असे म्हणून लगेच r च्या जागी 6 घातले. V = 12πh मिळाले, त्याचे विकलन केले आणि उत्तर आले मिनिटाला 3/(4π) फूट, म्हणजे सुमारे तीन इंच. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. ते दहावीनंतर दुकानात बसले. त्यांनी विचारले, "रास वाढताना नुसती वर कशी जाईल? ती पसरते ना." नेमके तेच तिच्याकडून सुटले होते. त्रिज्येच्या जागी ६ लिहिताच तिने रास पसरण्यापासून थांबवली. ६ हा आकडा त्या एका क्षणाचा आहे आणि विकलन तर बदलाचे करायचे आहे. म्हणून क्षणाचा आकडा विकलनानंतरच घालायचा. आधी r = 2h हा नेहमीचा संबंध वापरला की V = (4/3)πh³ होते. मग वेग काढला की dV/dt = 4πh² · dh/dt. आता 9 आणि 3 घातले की 9 = 36π · dh/dt, आणि उंचीचा वेग मिनिटाला 1/(4π) फूट, म्हणजे जेमतेम एक इंच. तिचे उत्तर बरोबर तिप्पट आले होते, कारण पसरण्यात जाणारा माल तिने सगळा उंचीत चढवला होता.

त्या सकाळी तिने अशी आणखी पाच गणिते केली, पण प्रत्येकात आधी दोनच ओळी लिहायच्या: काय बदलते, आणि काय सदैव तसेच राहते. आकडे त्यानंतर. पाच गणितांना अडीच तास लागले. संख्या कमी वाटली तरी मी घाई करू दिली नाही.

विकलनाचे दोन तास मात्र सलग दिले नाहीत. त्या प्रकरणात तिचे पाचच गुण गेले होते, पण विकलन हे तराजूसारखे आहे, सगळा माल त्यावरूनच जातो. sin(3x²) चे विकलन करताना आतल्या 3x² चे 6x लिहायला ती विसरे, आणि मग ती चूक उपयोगांच्या प्रकरणातही गुण नेई. म्हणून चारही दिवस सकाळी पहिला अर्धा तास दहा विकलने, घड्याळ लावून. शुक्रवारपर्यंत ही चूक जवळजवळ गेली.

सीमांच्या दोन तासांचे काय केले, हे सांगताना मला अजूनही थोडा संकोच होतो. त्या प्रकरणातील गेलेल्या सहा गुणांपैकी चार एकाच प्रश्नाचे होते. एप्सिलॉन-डेल्टा या काटेकोर व्याख्येने सीमा सिद्ध करण्याचा. गणिताचा शिक्षक म्हणून ही व्याख्या मला अत्यंत प्रिय आहे. पण ती मुळातून समजायला तिला किमान दीड दिवस लागला असता, आणि तेवढ्या वेळात उपयोगांच्या प्रकरणातले दहा गुण परत मिळण्याजोगे होते. आम्ही तो प्रश्न सोडून दिला, आणि ते दोन तास कोणत्याच प्रकरणाला न देता शिल्लक ठेवले. ती कागदावर त्याला 'गल्ला' म्हणू लागली.

संकलन आम्ही क्षेत्रफळाच्या आधी घेतले, कारण क्षेत्रफळ काढायला संकलनच लागते. हा क्रम गुणांवरून ठरत नाही, तो विषयातूनच येतो. तिच्या चुका इथे रीत निवडण्याच्या होत्या. उदाहरणार्थ, ही तीन पदे पाहावीत:

x/(x²+1), 1/(x²+1), 1/(x²−1)

दिसायला तिघी सख्ख्या बहिणी. पण पहिल्याला सब्स्टिट्यूशन लागते आणि उत्तर ½ ln(x²+1) + C येते. दुसरे सूत्रानेच, tan⁻¹x + C. तिसऱ्याचे पार्शल फ्रॅक्शन करावे लागते. तिने तिन्हींना पहिलीच रीत लावली होती. मी मुखवासाचा एक रिकामा डबा घेतला, जुन्या प्रश्नपत्रिकांतील चोवीस संकलने चिठ्ठ्यांवर उतरवून त्यात टाकली. चिठ्ठी काढायची, रीत सांगायची, पहिली ओळ लिहायची आणि चिठ्ठी बाजूला ठेवायची. पूर्ण सोडवायचे नाही. पहिल्या फेरीत चोवीसांपैकी अकरा बरोबर आल्या. अर्ध्या तासाचे काम, पण दिवसभर सोडवूनही जे उघड झाले नसते ते त्यात झाले. तिला रीती येत होत्या, ओळख पटत नव्हती. पूर्ण सोडवलेल्या संकलनांची तपासणी मी तिलाच करायला लावली. आलेल्या उत्तराचे विकलन करायचे. मूळ पद परत आले तर उत्तर बरोबर. इतकी निश्चित पडताळणी या विषयात दुसरीकडे क्वचितच मिळते, आणि मुले ती वापरत नाहीत.

बुधवारी दुपारी घोटाळा झाला. पार्शल फ्रॅक्शनच्या एका गणितात ती अडकली आणि हट्टाने दोन तास त्यातच राहिली. मी दुकानात गेलो होतो. परत आलो तेव्हा तिने ते सोडवले होते, पण महत्तम-लघुत्तमाचा सगळा वेळ गेला होता. त्या दिवसापासून नियम केला की वीस मिनिटांत मार्ग दिसला नाही तर उत्तर उघडून पाहायचे, कुठे अडलो ती एक ओळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित पुस्तक मिटून पुन्हा करायचे.

गुरुवारी क्षेत्रफळ. इथले बारा गुण स्वस्तात परत येतील असे मला वाटत होते, कारण जवळजवळ सगळे एकाच सवयीने गेले होते. ती आकृती काढीत नसे. y = x³ आणि y = x या दोन रेषांमधील −1 ते 1 पर्यंतचे क्षेत्रफळ तिने एकच वजाबाकी करून सरळ संकलनाने काढले. उत्तर शून्य आले आणि ते लिहून ती पुढे गेली. आकृती काढली असती तर दिसले असते की शून्याच्या डावीकडे एक रेषा वर आहे आणि उजवीकडे दुसरी. जमा आणि नावे सारखेच होऊन एकमेकांत विरले. दोन तुकडे वेगळे करून प्रत्येकात वरच्यातून खालची वजा केली की प्रत्येकी पाव, मिळून अर्धे. जागा डोळ्यांसमोर आहे आणि तिचे क्षेत्रफळ शून्य, हे तिलाच हसू आणणारे वाटले. त्यानंतर तिने आकृतीशिवाय एकही गणित केले नाही.

त्याच सायंकाळी मी मंगळवारच्या राशीसारखी चार नवी गणिते दिली, पुस्तक बंद. दोन चुकली, आणि चूक तीच. आकडा आधी घातला. तिचा चेहरा पडला. "मंगळवारी तर आले होते," ती म्हणाली. मंगळवारी समोर नमुना होता, मी शेजारी होतो. मधे दोन रात्री गेल्या की आपोआप काय उरते तेच पेपरात उतरते, म्हणून ही फेरतपासणी मुद्दाम दोन दिवसांनी ठेवली होती. गल्ल्यातले दोन्ही तास आम्ही शुक्रवारी तिथेच खर्च केले. बुधवारी हुकलेले महत्तम-लघुत्तम दुपारी घेतले. त्यात ती मधले बिंदू तपासून थांबे, टोके पाहत नसे; f(x) = x³ − 3x चे 0 ते 3 या मर्यादेतील महत्तम मूल्य 18 टोकालाच आहे, हे एका गणितात उमगले.

शनिवारी दुसरा जुना पेपर, पुन्हा तीन तास. सीमा १०, विकलन १७, उपयोग १३, संकलन १४, क्षेत्रफळ ९. एकूण त्रेसष्ट. एकवीस गुण वाढले, तरी विकलनाचे उपयोग अजून निम्म्यावरच होते, आणि आणखी चार दिवस असते तर पुन्हा तिथूनच सुरुवात केली असती. रविवारी तिने नवे काही केले नाही. चुकांच्या कारणांचा कागद दोनदा वाचला, डब्यातल्या चिठ्ठ्यांची एक फेरी केली, त्यात एकवीस बरोबर आल्या, आणि दुपारच्या गाडीने गेली. जाण्यापूर्वी तिने अण्णांना चाचणीचे नऊ गुण सांगितले. अण्णा म्हणाले, "मला राशीच्या वेळीच कळले होते."

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. प्रथम मी राशीचे विचारले. रास नव्हती, भिंतीवरून घसरणारी शिडी होती. "आकडा शेवटी घातला, काका." मग जरा थांबून म्हणाली, "एप्सिलॉन-डेल्टा आले होते, चार गुणांना. पाहिले आणि पुढे गेले." महिन्याने निकाल लागला, एकसष्ट. तो डबा तिने पुण्याला नेला आहे, आणि या उन्हाळ्यात ती आली की ती व्याख्या तिला सावकाश शिकवायचे मी कबूल केले आहे.